उद्योजकांच्या नावाने पोस्ट लिहून देताना: गोपनीयता, बोलण्याची ढब आणि मासिक मानधन

प्रश्न: मी काही वर्षे कंटेंट लेखन करतो. एका कंपनीच्या मालकांनी त्यांच्या लिंक्डइन प्रोफाइलसाठी दर महिन्याला पोस्ट लिहून द्याल का, असे विचारले आहे. नाव त्यांचे राहील आणि मी लिहितो हे कुणाला कळता कामा नये. त्यांच्यासारखे लिहायचे कसे, गोपनीयतेत नेमके काय काय येते आणि महिन्याचे पैसे कसे ठरवायचे?

उत्तर:

मालकांशी महिन्यातून एकदा होणारे तासाभराचे संभाषण हा या कामाचा पाया आहे, आणि बाकी सर्व गोष्टी त्यावरूनच ठरतात. त्या तासात ते काय बोलतात यावर पोस्टचा आशय ठरतो, कसे बोलतात यावर लेखनाची ढब ठरते, त्यातले काय बाहेर जाऊ द्यायचे नाही यावर गोपनीयता ठरते आणि त्या तासापासून शेवटच्या मंजुरीपर्यंत तुमचे किती तास जातात यावर मानधन ठरते. हे संभाषण टाळून ‘तुम्ही विषय पाठवा, मी लिहून देतो’ अशा पद्धतीने काम सुरू केले, तर पोस्ट नीटनेटक्या होतात, पण त्या कुणाच्याही नावावर खपतील अशा होतात. मी हे काम अकरा वर्षे करते आहे आणि सुरुवातीच्या काळात मीही असेच विषय मागवून लिहीत असे. म्हणून आधी ढबीविषयी लिहिते.

संभाषणाला जाताना मी प्रश्नांची लांब यादी नेत नाही. ‘नेतृत्वाविषयी तुमचे विचार काय आहेत’ असे विचारले की माणूस भाषण देऊ लागतो आणि भाषणात त्याची स्वतःची भाषा उरत नाही. त्याऐवजी गेल्या चार आठवड्यांतल्या घटनांविषयी विचारावे. या महिन्यात कोणत्या गोष्टीला नकार दिलात? कोणते काम दुसऱ्यांदा करावे लागले? कोणाचा फोन आला तेव्हा उचलावासा वाटला नाही? अशा प्रश्नांना उत्तर देताना माणूस आठवू लागतो, आणि आठवताना तो आपल्या खऱ्या भाषेत बोलतो. संभाषणाचे ध्वनिमुद्रण परवानगी घेऊन करावे. तासाभराचे बोलणे शब्दशः उतरवायचे तर चार तास सहज जातात, म्हणून मी पूर्ण संभाषण उतरवत नाही. एकदा सलग ऐकून खुणा करते आणि जिथे घटना आहे तेवढाच भाग अक्षरन् अक्षर उतरवते. तो उतरवताना वाक्य सुधारायचा मोह आवरावा लागतो. अडखळणे, अर्धवट सोडलेले वाक्य, पुन्हा उच्चारलेला शब्द हे सर्व कागदावर तसेच यायला हवे.

एक उदाहरण तपशिलात सांगते. कारखान्यांसाठी औद्योगिक गाळण्या बनवणारे एक मालक होते. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयी याहून अधिक लिहीत नाही, आणि हे उदाहरण त्यांच्या परवानगीने देत आहे. पहिल्याच महिन्याच्या संभाषणात ते असे बोलले होते:

‘बघा, ऑर्डर मोठी होती, नाही कोण म्हणतं. पण पंचेचाळीस दिवसांत द्यायचं म्हणजे तपासणी कापायची. तपासणी कापली की माल जातो, पैसे येतात, आणि मग सहा महिन्यांनी फोन येतो. तो फोन मला नको होता. म्हणून सोडली. पोरं नाराज झाली. होणारच.’

यावरून मी केलेला पहिला मसुदा असा सुरू होत होता: ‘गुणवत्तेशी तडजोड न करणे हे आमच्या कंपनीचे मूलभूत तत्त्व आहे. अलीकडेच एक मोठी संधी आम्ही विचारपूर्वक नाकारली.’ मालकांनी तो वाचून एवढेच कळवले की चांगले आहे, पण हे मी कधी बोलणार नाही. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. त्यांच्या बोलण्यात ‘गुणवत्ता’ हा शब्दच नव्हता. त्यात तपासणी होती, सहा महिन्यांनी येणारा फोन होता आणि नाराज झालेली माणसे होती. मी त्यांच्या घटनेवर माझे तत्त्व चिकटवले होते.

दुसरा मसुदा असा झाला: ‘ऑर्डर मोठी होती, यात वाद नाही. पण दिलेल्या मुदतीत माल द्यायचा म्हणजे तपासणी कापायची. तपासणी कापली की माल जातो, पैसे येतात आणि मग सहा महिन्यांनी फोन येतो. तो फोन मला नको होता. म्हणून ऑर्डर सोडली. आमची मंडळी नाराज झाली. होणारच. त्यांनी ती मिळवायला दोन महिने घालवले होते.’ शेवटचे वाक्य त्यांनी संभाषणात पुढे वेगळ्या संदर्भात उच्चारले होते, ते मी इथे आणले, कारण त्यावाचून ‘होणारच’ हा शब्द रुक्ष वाटला असता. हा मसुदा एका शब्दाच्या बदलासह मंजूर झाला.

या दोन मसुद्यांमधला फरक नीट पाहण्यासारखा आहे. हे मालक नेहमी समोरच्याचा मुद्दा आधी मान्य करतात आणि मग ‘पण’ म्हणून आपला मुद्दा मांडतात. त्यांची वाक्ये लहान असतात आणि कारण सांगताना ते ‘म्हणजे’ आणि ‘की’ यांनी एकेक पायरी जोडत जातात. निर्णय सांगताना विशेषण वापरत नाहीत. या सवयी दुसऱ्या मसुद्यात टिकल्या म्हणून तो त्यांचा वाटला. ‘बघा’ मी गाळले, कारण बोलताना तो केवळ श्वास घेण्यापुरता येणारा शब्द असतो आणि लिहिल्यावर तोच शब्द वाचकाला शिकवल्यासारखा वाटतो. ‘पोरं’ बदलले, कारण कार्यालयात प्रेमाने चालणारा शब्द जाहीर ठिकाणी कर्मचाऱ्यांना कमी लेखणारा वाटू शकतो. ढब जुळवणे म्हणजे बोलण्याची नक्कल करणे नव्हे. तेच गृहस्थ स्वतः बसून, थोडा वेळ काढून लिहिते झाले असते तर जे लिहिले असते, ते लिहायचे असते.

माणसाची ढब मोठ्या शब्दांत नसते, ती अशा लहान जोडशब्दांत असते, हे ओळखायला मला बराच काळ लागला. लेखकाची ओळख पटवण्याच्या अभ्यासात ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखांपैकी बारा लेख हॅमिल्टन यांचे की मॅडिसन यांचे, हा वाद मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘अपॉन’सारखे बारीक शब्द मोजून अभ्यासला आणि कौल मॅडिसन यांच्या बाजूने दिला. विषयाचे शब्द दोघांचेही सारखेच होते, वेगळे होते ते हाताला लागलेले बारीक शब्द. तुमच्या मालकांचे ‘तर’, ‘मात्र’, ‘खरं तर’, ‘म्हणजे’ कुठे येतात आणि कोणते अजिबात येत नाहीत, हे पहिल्या दोन संभाषणांत टिपून ठेवा.

ही टिपणे मी एका पानावर ठेवते, त्याहून मोठी होऊ देत नाही. वाक्य साधारण किती लांब असते, सुरुवात घटनेने होते की मताने, असहमती कशी व्यक्त होते, स्वतःच्या चुकीविषयी बोलताना ‘मी’ येतो की ‘आम्ही’, कोणते शब्द ते कधीच वापरत नाहीत, एवढे त्यात असते. ‘कधीच न वापरायचे शब्द’ हा भाग सर्वांत उपयोगी ठरतो. वरच्या मालकांच्या पानावर ‘प्रवास’, ‘ध्यास’, ‘अभिमान वाटतो’ आणि ‘कृतज्ञ’ हे शब्द पहिल्याच महिन्यात गेले.

लिंक्डइनवर लांब पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात आणि बाकीचा मजकूर उघडावा लागतो, म्हणून पुष्कळ लेखक सर्वांत झणझणीत वाक्य उचलून वर ठेवतात. वरच्या पोस्टची सुरुवात ‘तो फोन मला नको होता’ या वाक्याने करता आली असती आणि ती कदाचित अधिक लोकांनी उघडलीही असती. मी तसे केले नाही. जो माणूस आयुष्यभर आधी समोरच्याचे मान्य करून मग बोलतो, तो पोस्टमध्ये अचानक निष्कर्षाने सुरुवात करू लागला, तर त्याला ओळखणाऱ्या लोकांना पहिल्या ओळीतच शंका येते. या कामात ओळखणारे लोकच महत्त्वाचे असतात. त्यांचे जुने ग्राहक, पुरवठादार आणि कर्मचारी पोस्ट वाचतात, आणि ते मनातल्या मनात त्यांच्या आवाजात वाचतात.

ढब जुळली की नाही, हे तपासायचे दोन मार्ग माझ्या अनुभवात विश्वासाचे आहेत. पहिला असा की, पहिल्या महिन्यात मालकांना दोन मसुदे मोठ्याने वाचायला सांगावे आणि आपण फक्त ऐकावे. जिथे ते अडखळतात किंवा वाचताना आपोआप शब्द बदलतात, तो शब्द त्यांचा नाही. दुसरा मार्ग दुरुस्त्यांची नोंद ठेवण्याचा. प्रत्येक दुरुस्ती तपशिलाची आहे, शब्दाची आहे की भूमिकेची, हे समोर लिहावे. तपशिलाच्या दुरुस्त्या कायम येत राहतात आणि त्यात काही वावगे नाही. शब्दांच्या दुरुस्त्या मात्र पहिल्या महिन्यात पोस्टमागे आठ-दहा असल्या तरी तिसऱ्या महिन्यापर्यंत एक-दोनवर यायला हव्यात. भूमिकेच्या दुरुस्त्या वारंवार येत असतील, तर चूक लेखनातली नसून संभाषणातली असते. तुम्ही घटना ऐकली, पण त्यांनी तसे का केले हे विचारले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि दुरुस्त्या एकदम शून्यावर आल्या, तर समाधान मानू नका. बहुधा मालकांनी वाचणे सोडलेले असते आणि मसुदे न वाचताच मंजूर होत असतात. हा या कामातला सर्वांत घातक टप्पा आहे, कारण पुढे कोणी बैठकीत त्या पोस्टविषयी विचारले की त्यांना काही आठवत नाही, आणि तुमचे गुपित तिथेच फुटते. यासाठी मी प्रत्येक मसुद्यात एखादी जागा मुद्दाम मोकळी सोडते. ‘इथे कोणते वर्ष होते?’ किंवा ‘हे यंत्र तेव्हा नवे होते की जुने?’ असा खरा प्रश्न कडेला लिहिते. त्याचे उत्तर दिल्याशिवाय मसुदा पूर्ण होत नाही आणि उत्तर द्यायचे तर आजूबाजूची वाक्ये वाचावीच लागतात.

आता गोपनीयता. बहुतेक नवे लेखक गोपनीयता म्हणजे ‘मी यांच्यासाठी लिहितो हे कुणाला सांगायचे नाही’ एवढेच समजतात. तो तिचा एक पदर झाला. दुसरा पदर म्हणजे संभाषणात कानावर पडलेली व्यवसायाची माहिती: भाव, नवे काम, कोण सोडून चालले आहे, कोणाशी बोलणी सुरू आहेत. तिसरा पदर बाहेरच्या माणसांचा असतो. मालकांनी त्यांच्या ग्राहकाविषयी, कर्मचाऱ्याविषयी किंवा भागीदाराविषयी सांगितलेले असते आणि त्या माणसाने तुम्हाला कसलीही परवानगी दिलेली नसते. करारात या तिन्हींचा स्वतंत्र उल्लेख असावा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर जाहीर न झालेली आर्थिक माहिती, मोठे करार किंवा विलीनीकरण यांविषयी एकही ओळ त्यांच्या कायदेविषयक विभागाच्या नजरेखालून गेल्याशिवाय जाता कामा नये. अशा माहितीच्या आधारे तुम्ही स्वतः शेअर घेतले किंवा विकले, तर तो अनेक देशांत गुन्हा ठरतो, हेही लक्षात असू द्या.

तिसऱ्या पदराच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्या वर्षी एका मालकांच्या परत आलेल्या मालाविषयी मी पोस्ट लिहिली. ग्राहकाचे नाव नव्हते, शहर नव्हते. महिना मात्र होता, यंत्रांची संख्या होती आणि ‘त्यांचे खरेदी अधिकारी तेव्हा नवे होते’ असे एक वाक्य होते. मालकांनी पोस्ट मंजूर केली होती. प्रसिद्ध झाल्यावर दोन तासांत त्या खरेदी अधिकाऱ्यांचा मालकांना फोन आला, कारण त्या महिन्यात तेवढी यंत्रे परत पाठवणारे ते एकटेच होते. पोस्ट काढली, मालकांनी माफी मागितली आणि सुदैवाने व्यवहार टिकला. तेव्हापासून नाव गाळणे पुरेसे आहे असे मी मानत नाही. त्या घटनेतला माणूस स्वतः ही पोस्ट वाचतो आहे अशी कल्पना करून मसुदा वाचते, आणि तो स्वतःला ओळखेल का व ओळखल्यावर दुखावेल का, हे पाहते. वरच्या उदाहरणात ‘पंचेचाळीस दिवसांत’ऐवजी ‘दिलेल्या मुदतीत’ असे केले, ते याच कारणाने. ती मुदत ठरवून देणारा ग्राहक एकच होता.

इथे एक नियम मी कटाक्षाने पाळते: तपशील काढावा, बदलू नये. ओळख लपवण्यासाठी पंचेचाळीसचे साठ दिवस केले, मोठ्या ऑर्डरची लहान केली किंवा दोन ग्राहकांचा एक केला, तर मालकांच्या नावावर खोटे विधान प्रसिद्ध होते आणि त्याला उत्तर त्यांना द्यावे लागते. तपशील काढल्यावर पोस्टमध्ये काहीच उरत नसेल, तर ती घटना लिहिण्याजोगी नाही असे समजून सोडून द्यावी. न घडलेला प्रसंग त्यांच्या आयुष्यात घालणे हे तर कोणत्याही मोबदल्यात करू नये. त्यांचा अनुभव शब्दांत उतरवणे हे आपले काम आहे, त्यांना अनुभव पुरवणे नव्हे.

नात्याचे गुपित बहुधा मोठ्या कारणाने फुटत नाही, बारीकसारीक कागदपत्रांतून फुटते. मसुद्याच्या फाइलच्या माहितीत लेखक म्हणून तुमचे नाव असते आणि ती फाइल मालक सचिवांना पुढे पाठवतात. सामायिक दस्तऐवजात कोणी कधी काय लिहिले याचा इतिहास राहतो. भेटीच्या निमंत्रणाला ‘लिंक्डइन पोस्ट चर्चा’ असे शीर्षक दिलेले असते आणि ते दिनदर्शिकेवर सर्व विभागप्रमुखांना दिसते. बिल लेखा विभागात जाते आणि त्यावर ‘आठ पोस्ट’ असे लिहिलेले असते. म्हणून मी सुरुवातीलाच विचारते की कंपनीत कोणाकोणाला माहीत असेल, आणि त्यांची नावे करारात घालते. बिलावर ‘व्यावसायिक लेखन व सल्ला’ असे लिहिते, जे खरेही आहे आणि पुरेसेही आहे. मालकांची पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या मिनिटाला तिला पसंती देणारी व्यक्ती दर वेळी तुम्हीच असाल, तर तेही लोकांच्या लक्षात येते. मी माझ्या कोणत्याही ग्राहकाच्या पोस्टवर काहीच करत नाही.

प्रोफाइलचा पासवर्ड मात्र घेऊ नका, त्यांनी आपणहून दिला तरीही. लिंक्डइनच्या अटींनुसार खाते दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. कंपनीच्या पानाला व्यवस्थापक नेमता येतात, तशी सोय व्यक्तिगत प्रोफाइलला नाही. अटींचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, आत गेलात की त्यांचे खासगी संदेश तुमच्या नजरेस पडतात, आणि उद्या त्यातली एखादी गोष्ट बाहेर गेली तर संशय तुमच्यावर येतो. तयार मजकूर द्यावा आणि तो त्यांनी स्वतः टाकावा. पोस्टची वेळ आधी लावून ठेवण्याची सोय तिथेच आहे, त्यामुळे आठवड्याचा मजकूर त्यांना एका बैठकीत दहा मिनिटांत लावता येतो. त्या निमित्ताने तो आणखी एकदा त्यांच्या नजरेखालून जातो, हा मला त्यातला मोठा लाभ वाटतो.

तुम्हाला कोणी थेट विचारले की अमुक यांचे तुम्ही लिहिता का, तर खोटा नकार देऊ नका. ज्यांच्यासाठी लिहिता आणि ज्यांच्यासाठी लिहीत नाही, त्या सर्वांविषयी एकच उत्तर ठेवा: ‘मी कोणासाठी लिहिते हे कोणाविषयीच सांगत नाही.’ काहींविषयी ‘छे, छे’ आणि काहींविषयी मौन असे केले, की मौनच उत्तर होऊन बसते.

याच गोपनीयतेमुळे नव्या ग्राहकाला दाखवायला जुने काम नसते, हा प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल. एखाद्या जुन्या मालकांनी लेखी परवानगी दिली, तर त्यांच्याशी फोनवर बोलणे करून देता येते. ते नसेल, तर नव्या मालकांशी अर्ध्या तासाचे संभाषण करून त्यांच्याच बोलण्यातून एक पोस्ट लिहून दाखवावी आणि तिचे पैसे घ्यावेत. दुसऱ्याच्या ढबीतले नमुने दाखवून तसेही त्यांना काही कळत नाही.

मानधन पोस्टच्या संख्येवर ठरवू नये, महिन्यावर ठरवावे, पण आधी तासांचा हिशेब मांडून. पोस्टवर भाव ठरला की संभाषण फुकट धरले जाते आणि दोन्ही बाजूंना संख्या वाढवण्याची घाई होते. पसंतीच्या किंवा चौकशांच्या आकड्यावर मानधन बांधणे तर आणखी वाईट, कारण ते आकडे तुमच्या हातात नसतात आणि त्यांच्या मागे लागून ढब हळूहळू बिघडते.

वरच्या गाळणीवाल्या मालकांचा हिशेब असा होता. महिन्याला आठ पोस्ट ठरल्या होत्या. संभाषणाच्या तयारीला अर्धा तास, संभाषणाला एक तास, ऐकून निवडक भाग उतरवायला दोन तास. प्रत्येक मसुद्याला सरासरी सव्वा तास, म्हणजे आठांचे दहा तास. दुरुस्त्यांना सर्व मिळून तीन तास, निरोपांची देवाणघेवाण आणि वेळापत्रक यांना दीड तास, महिन्याअखेरच्या आढाव्याला एक तास. बेरीज एकोणीस तास होते. ऐनवेळी काहीतरी घडते आणि ‘उद्याच ही पोस्ट हवी’ असा निरोप येतो, त्यासाठी तीन तास राखून ठेवले. असे बावीस तास झाले. मनात मात्र मी ‘आठ पोस्ट, म्हणजे आठ तास’ असे धरून चालले होते. पहिल्या वर्षी मी जवळजवळ तिप्पट काम एकपट पैशांत केले, आणि ते कळले तेव्हाच तासांची नोंदवही सुरू केली.

तासाचा दर काढताना महिन्याचे सर्व कामाचे तास विकले जातील असे धरू नका. महिन्यात साधारण एकशे साठ तास काम केले, तर नवे ग्राहक शोधणे, बिले, वाचन आणि रिकामे दिवस वजा जाता शंभरच्या आसपास तासांचे पैसे मिळतात. म्हणून घरखर्च, व्यवसायाचा खर्च, कर आणि बचत धरून महिन्याला जेवढी रक्कम लागते, तिला शंभरने भागावे. येईल तो तुमचा किमान दर. त्याला बावीसने गुणले की या ग्राहकाचे किमान मासिक मानधन मिळते, म्हणजे तुमच्या महिन्याच्या एकूण गरजेच्या बावीस टक्के. याचा दुसरा अर्थ असा की असे चार ग्राहक झाले की अठ्ठ्याऐंशी तास भरतात आणि पाचव्याला जागा राहत नाही. पाचवा घेतला तर तासांपेक्षा मोठी अडचण अशी येते की ढबी एकमेकींत मिसळू लागतात. एका मालकांचे ‘होणारच’ दुसऱ्यांच्या पोस्टमध्ये उमटलेले मी स्वतः पकडले आहे, म्हणून एका दिवशी एकाच ग्राहकाचे लिहिते.

पहिल्या महिन्यात ढबीचे पान तयार करणे, जुनी भाषणे ऐकणे आणि जास्तीच्या दुरुस्त्या यांत आठ-दहा तास अधिक जातात. ते एकदाच घ्यायच्या प्रारंभिक शुल्कात घ्यावेत, महिन्याच्या रकमेत लपवू नयेत. नाहीतर चौथ्या महिन्यात ‘आता तर काम सोपे झाले’ म्हणून रक्कम कमी करण्याची मागणी येते. वाचकांच्या प्रतिक्रियांना उत्तरे लिहिणे हे वेगळे काम आहे. त्याचे मानधन वेगळे असावे आणि शक्यतो ते घेऊच नये, कारण उत्तरे तातडीची असतात आणि तिथे मालकांची स्वतःची भाषा दिसली पाहिजे.

एकाच व्यवसायातले दोन प्रतिस्पर्धी एका वेळी घेऊ नयेत, कारण एकाकडे ऐकलेले दुसऱ्याकडे लिहिताना विसरता येत नाही. आमच्या क्षेत्रातले दुसरे कोणी घेऊ नका अशी अट मालकांनी घातली, तर ती मान्य करावी, पण ‘क्षेत्र’ म्हणजे नेमके काय ते कंपन्यांची नावे घालून लिहून घ्यावे आणि बुडणाऱ्या कामाच्या अंदाजाने मानधन वाढवावे.

करारात पैशांविषयी मी चार गोष्टी ठामपणे घालते. रक्कम महिना सुरू होण्यापूर्वी मिळावी. प्रत्येक मसुद्याला दोन दुरुस्त्यांच्या फेऱ्या मानधनात धराव्यात, भूमिका बदलली तर तो नवा मसुदा मानावा. संभाषणासाठी मालकांनी वेळ दिला नाही, तर त्या महिन्याच्या पोस्ट फक्त पुढच्या एका महिन्यापर्यंतच शिल्लक राहाव्यात. व्यग्र माणसांच्या बाबतीत हा मुद्दा हमखास येतो आणि तो लिहिलेला नसेल, तर तीन महिन्यांनी चोवीस पोस्ट एकदम मागितल्या जातात. पहिला करार किमान तीन महिन्यांचा असावा, कारण ढब बहुधा दुसऱ्या महिन्याच्या शेवटी जुळते. त्यानंतर दोघांपैकी कोणीही तीस दिवसांची सूचना देऊन थांबावे.

काम थांबते तेव्हा काय होईल, हेही सुरुवातीलाच लिहावे, कारण तेव्हा मने नेहमी स्वच्छ असतात असे नाही. पूर्ण पैसे मिळालेल्या पोस्टचे सर्व हक्क मालकांकडे जातात असे लेखी असावे. ते नसेल, तर बऱ्याच देशांत लेखनाचा हक्क मूळ लेखकाकडे राहतो आणि मालकांना स्वतःच्याच नावाची पोस्ट पुस्तिकेत छापायला अडचण येऊ शकते. पैसे न मिळालेले किंवा नामंजूर झालेले मसुदे तुमचे, पण त्यातली माहिती त्यांची, म्हणून ते दुसऱ्या कोणासाठी वापरता येत नाहीत. ध्वनिमुद्रणे मी एरवीही पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर साठ दिवसांनी पुसते. काम थांबल्यावर उरलेली लगेच पुसते आणि तसे एका ओळीत कळवते. ढबीचे पान मालकांना देऊन टाकते, म्हणजे त्यांनी पुढे दुसरा लेखक नेमला तर त्याला सुरुवातीपासून चाचपडावे लागत नाही. गोपनीयतेचे कलम मात्र काम थांबल्यावरही चालू राहते, आणि ते किती वर्षे चालेल हे करारात आकड्याने लिहावे.